काम आपलं, पत्ता दुसऱ्याचा

हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी करणारी आणि सुट्टीच्या दिवशी एका मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला हातभार लावणारी तरुणी उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणू. शनिवारी बसून तिने देवनागरी जोडाक्षरांच्या छाटणीतला एक दोष दुरुस्त केला. चार टप्प्यांत काम झालं, म्हणजे चार कमिट झाले. ते तिने गिटहबवर पुश केले, मूळ प्रकल्पाकडे विनंती पाठवली आणि दोन मिनिटांत लाल फुली उमटली. कोडमध्ये चूक नव्हती. चाचण्या सगळ्या पार पडल्या होत्या. अडलं होतं ते परवाना-करारापाशी. या प्रकल्पात प्रत्येक लेखकाने आधी एक करार मान्य करावा लागतो आणि तो मान्य केला आहे की नाही, हे यंत्रणा कमिटवरच्या ईमेलवरून तपासते. तिने करार घरच्या ईमेलने केला होता. चारही कमिटवर मात्र ऑफिसचा ईमेल होता, कारण लॅपटॉप ऑफिसचा होता.

हा प्रकार इतका नेहमीचा आहे की सॉफ्टवेअरमध्ये चार-पाच वर्षं काढलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला तो एकदा तरी येतो. आणि तरीही चूक लक्षात आल्यावर नेमकं काय करावं, याबद्दल फार गोंधळ असतो. कुणी घाबरून सगळा इतिहास पुन्हा लिहायला घेतो, कुणी काहीच करत नाही. दोन्हींची गरज क्वचितच असते. त्यासाठी आधी कमिटवर नाव येतं कुठून, ते पाहायला हवं.

गिट ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्स कर्नेलच्या कामासाठी ती लिहायला घेतली. कमिट म्हणजे या नोंदवहीतली एक नोंद: त्या क्षणी सगळ्या फायली कशा होत्या, त्याआधीची नोंद कोणती, बदल कशासाठी केला आणि कुणी केला. या शेवटच्या रकान्यात गिट प्रत्यक्षात दोन माणसं लिहितं. एक लेखक, म्हणजे ज्याने बदल केला तो. दुसरा कमिटर, म्हणजे ज्याने तो बदल नोंदवहीत चढवला तो. कर्नेलचं काम ईमेलवर चालत असे, आजही मोठ्या प्रमाणात चालतं. कुणीतरी दुरुस्ती ईमेलने पाठवायची आणि त्या विभागाच्या देखभाल करणाऱ्याने ती आपल्या यंत्रावर उतरवून घ्यायची. श्रेय लेखकाला जावं आणि जबाबदारी कुणाची तेही कळावं, म्हणून दोन वेगळी नावं. आपण एकटेच काम करतो तेव्हा दोन्हीकडे आपलंच नाव येतं, म्हणून हा फरक सहसा जाणवत नाही. चूक दुरुस्त करताना मात्र तो जाणवतो.

आता मुख्य मुद्दा. ही दोन्ही नावं आणि त्यांचे ईमेल गिट कुठूनही पडताळून घेत नाही. आपल्याच यंत्रावरच्या एका छोट्या फाइलमध्ये जे लिहिलेलं असेल, ते तो जसंच्या तसं उचलतो. टपालाच्या पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून आपण हाताने जे लिहू ते पोस्टमन तपासत नाही, तसंच हे. पुश करताना आपण पासवर्ड, टोकन किंवा एसएसएच किल्ली वापरतो, पण तिचा संबंध फक्त आत शिरण्याच्या परवानगीशी असतो. आत नेलेल्या कमिटवर नाव कुणाचं आहे, हा वेगळाच प्रश्न. नवख्या लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो. त्यांना वाटतं, आपण गिटहबमध्ये आपल्या खात्याने शिरलो म्हणजे कमिट आपल्याच नावावर जाणार.

यात किती धोका आहे, हे २०२१ च्या मार्च महिन्यात साऱ्या जगाने पाहिलं. पीएचपी या भाषेवर जगातल्या असंख्य वेबसाइट चालतात. २८ मार्चला तिच्या मूळ कोडच्या रेपॉझिटरीत दोन घातक कमिट शिरले. त्यांत वेबसर्व्हरचा ताबा बाहेरच्या माणसाच्या हाती देणारा चोरदरवाजा होता. पहिला कमिट होता भाषेचे जनक रास्मुस लेरडॉर्फ यांच्या नावावर, आणि त्याचं वर्णन म्हणे टंकनदोषाची दुरुस्ती! तो मागे घेतल्यावर दुसरा आला तो निकिता पोपोव्ह यांच्या नावावर. दोघांपैकी एकानेही ते लिहिले नव्हते. प्रकल्पाच्या लोकांनी कोड वाचला आणि ते पकडले. कोणत्याही प्रसिद्ध आवृत्तीत ते जाण्याआधीच काढून टाकले गेले आणि त्यानंतर प्रकल्पाने स्वतःचा गिट सर्व्हर सोडून गिटहबवर मुक्काम हलवला. सर्व्हरमध्ये शिरकाव कसा झाला हा वेगळा विषय, पण नाव लावण्यासाठी मात्र हल्लेखोराला काहीही फोडावं लागलं नाही. ते नुसतं टाइप करायचं होतं.

आपल्या नेहमीच्या चुकांमागे अर्थातच कुणाचा वाईट हेतू नसतो. कारणं साधी असतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर ऑफिसचा पत्ता संपूर्ण यंत्रासाठी ठरवून ठेवलेला असतो आणि घरचं काम त्याच्यावरच होतं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याने आपलं नाव लिहून ठेवलेलं असतं आणि मग यंदाच्या मुलांचं सगळं प्रकल्पकार्य गिटहबवर त्याच्या छायाचित्रासह झळकतं. तिसरा प्रकार नव्या यंत्रावरचा. पत्ता दिलेलाच नसेल तर गिट कधी वापरकर्त्याचं नाव आणि यंत्राचं नाव जोडून स्वतःच एक पत्ता बनवतो. तो `.local` वर संपतो किंवा तत्सम काही असतो आणि अशा पत्त्यावर टपाल कधीच पोचत नाही. कधी तो अडून बसतो आणि विचारतो, कृपया तुम्ही कोण ते सांगा. सोबत नमुना म्हणून `you@example.com` हा पत्ता घातलेली आज्ञा दाखवतो. घाईतला माणूस ती आज्ञा तशीच उचलून चिकटवतो. `example.com` हे नाव केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेलं आहे, त्यामुळे ते कमिट कुणाचेच राहत नाहीत.

चुकीचा पत्ता ही निव्वळ दिसण्यापुरती बाब असती तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. गिटहब कमिट कोणत्या खात्याला जोडायचा, हे फक्त ईमेलवरून ठरवतं. नाव कितीही बरोबर असो, पत्ता खात्यात नोंदवलेला नसेल तर काम खात्याला लागत नाही. नोकरीच्या मुलाखतीआधी उमेदवाराचं गिटहब पाहिलं जातं, तिथे सहा महिन्यांचं काम दिसतच नाही. उलट बाजूने पाहिलं तर ऑफिसच्या पत्त्याने गेलेल्या घरच्या कामावर कंपनीचं नाव लागतं आणि मग ते काम कुणाच्या वेळेत, कुणासाठी झालं, असा प्रश्न उभा राहू शकतो. ही भीती पोकळ नाही. लिनक्स कर्नेलच्या प्रत्येक आवृत्तीत कोणत्या कंपनीचा किती वाटा, याची मोजणी एलडब्ल्यूएन हे नियतकालिक वर्षानुवर्षं करत आलं आहे. ती मोजणी मोठ्या प्रमाणात कमिटवरच्या ईमेलच्या शेपटावर आधारलेली असते.

आपल्या उदाहरणातल्या तरुणीकडे परत येऊ. लाल फुली दिसल्यावर तिने पहिलं योग्य काम हे केलं की दुरुस्तीला हात घालण्याआधी नीट पाहिलं.

```
git log -5 --format="%h %ae %ce %s"
```

या आज्ञेने शेवटच्या पाच कमिटचे लहान हॅश, लेखकाचा पत्ता, कमिटरचा पत्ता आणि वर्णन एकेका ओळीत दिसतं. चार ओळींत दोन्हीकडे `me@office.example`, आणि पाचवी ओळ प्रकल्पातल्या दुसऱ्याच कुणाची. म्हणजे चूक नेमकी चार कमिटपुरती होती. हा आकडा पुढे जपून वापरायचा आहे.

मग तिने पाहिलं की हा पत्ता येतो कुठून.

```
git config --show-origin --get user.email
```

ही आज्ञा पत्ता तर सांगतेच, पण तो कोणत्या फाइलमधून उचलला तेही सांगते. गिट तीन ठिकाणी पाहतो: संपूर्ण यंत्रासाठीची फाइल, वापरकर्त्याच्या घरफोल्डरमधली `.gitconfig` आणि त्या विशिष्ट रेपॉझिटरीतली `.git/config`. जी जास्त जवळची तिचं म्हणणं चालतं. या तिघींवरही मात करतात ती `GIT_AUTHOR_EMAIL` आणि `GIT_COMMITTER_EMAIL` ही वातावरणातली चलं. काही कंपन्यांच्या तयार लॅपटॉपवर ती आधीच भरलेली असतात. त्यामुळे फाइल दहा वेळा सुधारूनही पत्ता बदलत नसेल तर तिथे बघावं. त्याहून खात्रीची आज्ञा म्हणजे `git var GIT_AUTHOR_IDENT`. सगळी गोळाबेरीज करून पुढच्या कमिटवर नेमकं काय छापलं जाईल, ते ती सांगते.

तिच्या बाबतीत पत्ता घरफोल्डरमधल्या फाइलीतून येत होता. तिने आधी या एका रेपॉझिटरीपुरता तो बदलला. हा क्रम महत्त्वाचा आहे. सेटिंग न बदलता जुने कमिट दुरुस्त करायला गेलं तर लेखक बदलतो, पण कमिटर म्हणून पुन्हा जुनाच पत्ता बसतो.

```
git config user.email "me@ghar.example"
git rebase -r HEAD~4 --exec "git commit --amend --no-edit --reset-author"
```

दुसरी ओळ शेवटचे चार कमिट एकेक करून पुन्हा चढवते आणि प्रत्येकानंतर लेखक म्हणून सध्याची ओळख बसवते. चूक फक्त शेवटच्या एका कमिटपुरती असती तर रिबेसची गरजच नव्हती. `git commit --amend --no-edit --reset-author` एवढं पुरलं असतं.

इथे दोन गोष्टींची आठवण ठेवावी लागते. `--reset-author` लेखकाबरोबर लेखनाची वेळही बदलतो. शनिवारी लिहिलेलं काम सोमवारचं दिसू लागतं. वेळ जपायची असेल तर त्याऐवजी `--author` लिहून पुढे नाव आणि पत्ता द्यावा, मग वेळ जुनीच राहते. दुसरी गोष्ट याहून गंभीर. ही आज्ञा कुणाचा कमिट आहे ते पाहत नाही. चारऐवजी सहा लिहिलं असतं तर दुसऱ्या दोघांचं काम तिच्या नावावर चढलं असतं, आणि तेही कुणाच्या लक्षात न येता. म्हणून आधी मोजायचं, मग आज्ञा द्यायची, आणि नंतर पहिली `git log` ची आज्ञा पुन्हा चालवून पाहायची. चार ओळींत नवा पत्ता दोन्ही रकान्यांत आणि पाचवी ओळ जशीच्या तशी, असं दिसलं की काम झालं.

या वेळी नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते: चारही हॅश बदललेले असतात. फायलींतलं एक अक्षरही बदललेलं नसताना असं का? गिट कमिटचा हॅश त्यातल्या सगळ्या मजकुरावरून काढतो. फायलींची स्थिती, आधीच्या कमिटचा हॅश, लेखक, कमिटर, वेळ, वर्णन, सगळं त्यात येतं. चाळीस अक्षरांचा तो ठसा ईमेलमधलं एक अक्षर बदललं तरी वेगळा निघतो. आणि प्रत्येक कमिटमध्ये आधीच्याचा हॅश असल्यामुळे एक बदलला की त्यानंतरचे सगळे बदलतात. म्हणजे ‘जुन्या कमिटचा पत्ता बदलणं’ असं काही गिटमध्ये होतच नाही. जुने कमिट बाजूला पडतात आणि त्यांच्यासारखेच दिसणारे नवे तयार होतात. त्यांच्यावर डिजिटल सही केलेली असेल तर तीही गळून पडते, कारण ती जुन्या मजकुरावरची सही होती.

यामुळे आता साधा पुश चालत नाही. सर्व्हरवर जुने चार, आपल्याकडे नवे चार. गिट नकार देतो. ही ब्रँच फक्त तिचीच होती, दुसरं कुणी तिच्यावर काम करत नव्हतं, म्हणून जोर करून पाठवणं योग्य होतं.

```
git push --force-with-lease
```

नुसतं `--force` सर्व्हरवर जे असेल ते पुसून आपलं बसवतं. `--force-with-lease` मात्र आधी पाहतं की आपण शेवटचं पाहिल्यानंतर तिथे दुसऱ्या कुणी काही चढवलं आहे का. असेल तर थांबतं. एक मर्यादा आहे. कोड लिहायचं सॉफ्टवेअर पार्श्वभूमीला आपोआप सर्व्हरची नवी स्थिती आणत असेल, तर आपण न पाहिलेलं कामही ‘पाहिलेलं’ समजलं जातं. पुश झाल्यावर करार तपासणाऱ्या यंत्रणेने चारही कमिट पुन्हा पाहिले आणि लाल फुलीच्या जागी हिरवी खूण आली. मधल्या वेळात कुणी ओळींवर शेरे लिहिले असते तर ते जुने ठरले असते, पण या विनंतीवर अजून कुणी बोललं नव्हतं.

असं सोपं प्रत्येक वेळी नसतं. हेच कमिट मुख्य ब्रँचमध्ये विलीन होऊन दोन महिने झाले असते तर? त्यांच्यावर दहा जणांचे शंभर कमिट चढलेले असतात. पत्ता बदलायचा म्हणजे ते शंभरही नव्याने घडवायचे आणि प्रत्येक सहकाऱ्याच्या यंत्रावर जुना इतिहास तसाच. त्यातला एक जण नेहमीसारखा जुना आणि नवा एकत्र करतो, पुश करतो आणि प्रत्येक बदल इतिहासात दोनदा दिसू लागतो. आवृत्त्यांना लावलेले टॅग जुन्याच साखळीवर लटकत राहतात. दोष नोंदवताना कुणी लिहिलेले हॅश आता ब्रँचमध्ये सापडत नाहीत. एका माणसाच्या नावापुढची चौकट हिरवी व्हावी म्हणून दहा जणांना हा भुर्दंड घालणं अन्यायाचं आहे. सामायिक इतिहास पत्त्यासाठी बदलू नये, हेच बरोबर.

सुदैवाने तसं करायची गरजही पडत नाही. गिटहबपुरता प्रश्न असेल तर जुना पत्ता आपल्या खात्यात आणखी एक ईमेल म्हणून जोडावा आणि त्यावर आलेल्या दुव्याने पडताळून घ्यावा. एवढं झालं की त्या पत्त्याचे जुने कमिटही खात्याला लागतात. कोडला हात लावावा लागत नाही, हॅश बदलत नाही. अट एकच: त्या पत्त्यावर आलेलं पत्र उघडता आलं पाहिजे. `.local` वर संपणारा पत्ता म्हणूनच कधी जोडता येत नाही. आणि नोकरी सोडल्यावर ऑफिसची मेलपेटी बंद होते, तेव्हा हा मार्गही बंद होतो. कंपनीचे नियम परवानगी देत असतील तर हे काम शेवटच्या दिवसाआधी करायचं असतं.

दुसरा उपाय रेपॉझिटरीतच आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. मुळाशी `.mailmap` नावाची साधी मजकुराची फाइल ठेवायची. त्यात एका ओळीत आधी योग्य नाव आणि पत्ता, मग कमिटवर पडलेला चुकीचा पत्ता.

```
Naav Adnaav <me@ghar.example> <me@office.example>
```

इतिहास जसाच्या तसा राहतो. दाखवताना मात्र गिट ही ओळ वाचून योग्य नाव दाखवतो. `git shortlog -sne` ही कुणी किती कमिट केले ते मोजणारी आज्ञा आणि प्रत्येक ओळ कुणाची ते सांगणारी `git blame` दोन्ही तिचा मान राखतात. २०१९ साली आलेल्या २.२३ या आवृत्तीपासून `git log` सुद्धा न सांगता तसंच करतो. ज्यांनी नोकऱ्या बदलल्या, लग्नानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदललं, त्यांच्यासाठीही हीच सोय आहे. लिनक्स कर्नेलच्या मुळाशी अशी एक लांबलचक फाइल आहे. तिथे वीस वर्षांत माणसांचे पत्ते बदलत गेले, इतिहास मात्र कुणी पुन्हा लिहिला नाही. गिटहबवरच्या हिरव्या चौकटी खात्यातले पत्ते पाहूनच भरतात, त्यामुळे तिथे आधीचा उपाय आणि रेपॉझिटरीत हा, असे दोन्ही एकत्र वापरता येतात.

इतिहास पुन्हा लिहिण्याचा विचार खरोखर करावा असा एकच मोठा प्रसंग उरतो: ज्याला आपला खासगी पत्ता जगासमोर येणं धोक्याचं आहे, असा माणूस. कुणाचा छळ होत असतो, कुणाला पाठलागाची भीती असते. तेव्हा `git filter-repo` हे साधन नव्याने उतरवलेल्या प्रतीवर `--mailmap` या पर्यायासह चालवता येतं आणि ते संपूर्ण इतिहासातले पत्ते बदलून देतं. जुन्या लेखांमध्ये सांगितलेली `filter-branch` वापरू नये. तिच्यातले धोके गिटच्या अधिकृत माहितीपत्रकातच दिले आहेत. पण या मार्गाने गेलेल्या माणसाने एक गोष्ट मनाशी धरून चालावं. जुने कमिट फोर्कमध्ये, इतरांच्या यंत्रांवर आणि जुना हॅश माहीत असणाऱ्यासाठी गिटहबच्या पानांवरही शिल्लक राहू शकतात. एकदा सार्वजनिक झालेला पत्ता पूर्ण परत घेता येत नाही.

म्हणून खरी मेहनत पुढच्या कामासाठीच्या सेटिंगवर करावी. ती एकदाच करावी लागते.

त्या तरुणीने पहिलं पाऊल उचललं ते गिटची अंदाज बांधायची सवय बंद करण्याचं. त्यासाठी `user.useConfigOnly` ही सेटिंग आहे. ती २०१६ साली २.८ या आवृत्तीत आली. ती `true` केली की पत्ता स्पष्ट लिहिलेला नसेल तेव्हा गिट स्वतःच्या मनाने काही बनवत नाही. कमिट करायलाच नकार देतो. तिने मग घरफोल्डरमधल्या फाइलीतून पत्ता पूर्णपणे काढून टाकला. नाव ठेवलं, पत्ता नाही. आणि कामाप्रमाणे फोल्डर वेगळे केले: ऑफिसचं सगळं `office` मध्ये, स्वतःचं सगळं `ghar` मध्ये.

```
[user]
    name = Naav Adnaav
    useConfigOnly = true
[includeIf "gitdir:~/office/"]
    path = ~/.gitconfig-office
[includeIf "gitdir:~/ghar/"]
    path = ~/.gitconfig-ghar
```

`includeIf` म्हणजे अट पूर्ण झाली तर दुसरी फाइल वाच. ही सोय २०१७ पासून, २.१३ आवृत्तीपासून आहे. त्या दोन लहान फायलींत फक्त `[user]` आणि त्याखाली `email` एवढंच. `office` च्या आत कुठेही असलेल्या रेपॉझिटरीत ऑफिसचा पत्ता लागतो, `ghar` च्या आत घरचा. आणि कुणी चुकून डेस्कटॉपवर रेपॉझिटरी उतरवली तर तिथे पत्ता नसल्यामुळे कमिट अडतो. हे अडणंच हवं होतं. पुश झाल्यावर कळण्यापेक्षा कमिट करताना अडलेलं केव्हाही बरं.

ही व्यवस्था नेहमी चारच ठिकाणी फसते. फोल्डरच्या नावाच्या शेवटची तिरपी रेघ राहिली तर अट आतल्या रेपॉझिटऱ्यांना लागूच होत नाही. पत्ता सामायिक फाइलीत ठेवून वर ही अट लावायची असेल, तर अट `[user]` च्या खाली हवी, कारण नंतर वाचलेलं चालतं. रेपॉझिटरीच्या बाहेर उभं राहून तपासलं तर अट लागलेली दिसत नाही. आत जाऊनच पाहावं लागतं. आणि एखाद्या जुन्या रेपॉझिटरीत कधीतरी खास तिच्यापुरता पत्ता लिहिलेला असेल तर तोच जिंकतो, जसा त्या तरुणीने शनिवारच्या रेपॉझिटरीत लिहिला होता. तो `git config --unset user.email` ने काढावा लागतो. विंडोजवर लिनक्सचा कप्पा वापरणाऱ्यांचं आणखी एक दुखणं असतं. त्या कप्प्याचं घरफोल्डर वेगळं, म्हणून `.gitconfig` ही वेगळी. तिथे सगळं पुन्हा लिहावं लागतं.

फोल्डर वेगळे ठेवणं जमत नसेल तर २०२२ मधल्या २.३६ आवृत्तीपासून रेपॉझिटरी कोणत्या सर्व्हरशी जोडलेली आहे त्यावरूनही पत्ता ठरवता येतो. कंपनीचा स्वतःचा गिट सर्व्हर असेल त्यांना हे सोयीचं पडतं.

घरच्या कामासाठी कोणता पत्ता द्यावा, याचाही विचार करावा. कमिटवरचा ईमेल कुणीही वाचू शकतो आणि जाहिरातवाले तो गोळा करतात. गिटहब प्रत्येक खात्याला `users.noreply.github.com` वर संपणारा एक पत्ता देतं. तो खात्याशी जोडलेला असतो, त्यामुळे श्रेय मिळतं आणि खरा पत्ता झाकलेला राहतो. खात्याच्या ईमेल-सेटिंगमध्ये खरा पत्ता उघड करणारे पुश अडवण्याची खूणही करता येते. मग विसरून खरा पत्ता असलेला कमिट पाठवला तर `GH007` असा दोष दाखवून सर्व्हरच तो परतवतो. मात्र करार तपासणाऱ्या काही प्रकल्पांना खरा पत्ता लागतो. तिथे आधी विचारून घ्यावं.

संघाचं काम पाहणाऱ्यांनाही हे एकेका माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडायची गरज नाही. गिटलॅबच्या सशुल्क आवृत्त्यांत ठरावीक नमुन्यात न बसणाऱ्या पत्त्याचे कमिट सर्व्हरवरच नाकारण्याचा नियम लावता येतो. लेखक खरोखर तोच आहे याची खात्री हवी असेल तर सहीला पर्याय नाही. २०२१ च्या २.३४ आवृत्तीपासून ती रोजच्या एसएसएच किल्लीनेही करता येते. पत्त्याचा नियम चुका पकडतो, तोतयेगिरी फक्त सही पकडते.

वाचकांपैकी जे गिट वापरतात त्यांनी पुढचा पुश करण्याआधी आपल्या रेपॉझिटरीत जाऊन `git var GIT_AUTHOR_IDENT` एकदा चालवून पाहावं. आणि ज्यांची नोकरी बदलते आहे, त्यांनी जुन्या ऑफिसची मेलपेटी उघडी आहे तोवरच आपले कमिट खात्याला जोडून घ्यावेत.